उकडलेली अंडी सोलताना पांढरं टरफलाबरोबर निघून येतं. ताज्या अंड्यांचं असंच असतं का?

डबेवाली

नमस्कार मंडळी. नाशिकला माझं डब्यांचं काम आहे. दर बुधवारी अंडाकरी असते, त्यासाठी दोन ट्रे, म्हणजे ६० अंडी उकडते. आधी गल्लीतल्या किराणा दुकानातून अंडी घ्यायचे. गेल्या महिन्यापासून सरळ पोल्ट्रीवरून आणते, आदल्या संध्याकाळी. भाव बरा पडतो आणि अंडी त्याच दिवशीची असतात.

पण तेव्हापासून सोलणं जिवावर येतं. टरफलाला चिकटून पांढऱ्याचे लपके निघतात, काही अंड्यांचा तर बलक उघडा पडतो. अशी अंडी अख्खी वाढता येत नाहीत, मग चिरून भुर्जीत घालावी लागतात आणि करीला अंडी कमी पडतात. माझी पद्धत: मोठ्या पातेल्यात अंडी, वर गार पाणी, गॅस मोठा, उकळी आल्यावर १५ मिनिटं. मग पाणी ओतून देते आणि गरम असतानाच सोलायला बसते, कारण साडेदहाला डबे भरायचे असतात. दुकानातली अंडी याच पद्धतीने छान सोलली जायची. पोल्ट्रीवाल्यांकडे काही वेगळं खाद्य असेल का? की दुसरीच कोंबडी?

---

अंडापाव

ताई, पाण्यात मूठभर मीठ आणि दोन चमचे व्हिनेगर घाला. आमच्या गाडीवर रोज तेच करतो. दुसरं म्हणजे कवच जाड असेल तर सोलायला त्रास होतोच. गावठी अंडी बघा, कवच कडक आणि सोलताना हमखास फाटतात. तुमच्या पोल्ट्रीवाल्याने कोंबड्यांना शिंपल्यांचा चुरा जास्त घातला असणार.

---

खुराडं

आमची लेअर पोल्ट्री आहे म्हणून लिहितो. खाद्य आणि कवच यांचा इथे संबंध नाही. कवच जाड असलं की उलट बरं, मोठे तुकडे निघतात. गावठी अंडी सोलत नाहीत याचं कारण ती घरच्या खुराड्यातून त्याच दिवशी पातेल्यात जातात. तीच अंडी आठवडाभर ठेवून उकडा, फरक दिसेल.

दुकानातल्या अंड्यांचा प्रवास बघा. शेडमधून गोळा होतात, ट्रे भरतात, व्यापारी गाडी भरेपर्यंत थांबतो, मग होलसेलवाला, मग किराणा. तुमच्या हातात येईपर्यंत चार-पाच दिवस सहज झालेले असतात. आमच्या घरी उकडायची अंडी आम्ही मुद्दाम बाजूला ठेवतो. आजचं अंडं आज पोळा करायला घ्यायचं, उकडायला नाही.

कारण सांगतो. अंडं जुनं झालं की आतलं पाणी कवचातून उडतं आणि जाड टोकाशी हवेची पोकळी मोठी होते. त्या पोकळीमुळे सोलायला जागा मिळते. एवढंच आहे.

---

प्रयोगवही

खुराडंदादांनी मूळ कारण बरोबर पकडलंय: अंड्याचं वय. पोकळीबद्दल मात्र थोडं पुढे जायला हवं. पोकळी फक्त जाड टोकाशी असते, सुरुवात करायला तिचा उपयोग होतो. पण ताज्या अंड्याचं पांढरं मधल्या भागात आणि निमुळत्या टोकाशीही चिकटतं, जिथे पोकळीच नसते. तिथे का चिकटतं, ते तिच्यावरून कळत नाही.

मी अन्नतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करते, अंड्यांशी रोजचा संबंध येतो. टरफलाच्या आत दोन पातळ पापुद्रे असतात. बाहेरचा टरफलाला चिकटलेला, आतला पांढऱ्याला लागून. सोलताना आतला पापुद्रा पांढऱ्यापासून अलगद सुटला की काम झालं. तो सुटला नाही तर पांढऱ्याचा थर घेऊनच निघतो. म्हणजे सगळी भानगड पांढरं आणि हा आतला पापुद्रा यांच्यामधली आहे.

कोंबडीने नुकत्याच घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. टरफलावर हजारो बारीक छिद्रं असतात, त्यातून तो हळूहळू बाहेर जातो, सोड्याची बाटली उघडी राहिल्यावर जसा जातो तसाच. तो गेला की पांढऱ्यातली आम्लता कमी होते. आकड्यात सांगायचं तर ताज्या अंड्याच्या पांढऱ्याचा पीएच ७.६ च्या आसपास असतो आणि नंतर चढत जाऊन ९ च्या वर पोहोचतो. पीएच खाली असताना अंडं उकडलं तर पांढरं घट्ट होता होता पापुद्र्याला जोरात धरून बसतं. ९ च्या जवळ गेल्यावर ही पकड ढिली होते.

डबेवालीताई, हे तुम्हाला घरीच बघता येईल. आज आणलेलं एक अंडं ताटलीत फोडा. पांढरं किंचित दुधाळ, धुरकट दिसेल, कारण तो वायू अजून आत आहे. चार-पाच दिवसांचं अंडं शेजारी फोडा. पांढरं स्वच्छ पारदर्शक आणि थोडं जास्त पसरलेलं दिसेल. दुधाळ पांढरं दिसलं तर तो ट्रे उकडायला घेऊ नका.

---

माझी_परात

मला पण हाच त्रास आहे, फक्त माझ्याकडे बलकाभोवती हिरवट-काळपट कडं येतं. मुलं खात नाहीत, खराब झालंय म्हणतात. अंडी शिळी असतात का? मी फ्रिजमधलीच वापरते.

---

प्रयोगवही

माझी_परात, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण थोडा जोडलेला आहे. ते कडं म्हणजे पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन झालेला रंग. अंडं जास्त वेळ उकळलं किंवा उकडल्यावर गरमच राहू दिलं की येतो. खाल्लं तर काही होत नाही. वेळ कमी करा आणि शिजल्याबरोबर गार पाण्यात टाका, कडं जाईल. गंमत अशी की जुन्या अंड्यात पीएच जास्त असल्यामुळे हे कडं लवकर येतं. म्हणजे सोलायला सोपं अंडं उकळताना जास्त जपावं लागतं.

---

डबेवाली

ताटलीत फोडून पाहिलं. पोल्ट्रीचं पांढरं खरंच दुधाळ आहे! दुकानातून एक मागवलं, ते अगदी स्वच्छ. इतकी वर्षं अंडी फोडतेय, हे कधी नीट पाहिलं नव्हतं.

मग आता किती दिवस ठेवायची? फ्रिजमध्ये दोन ट्रे मावत नाहीत. बाहेर ठेवली तर खराब होतील अशी भीती वाटते. आणि ठेवण्याआधी धुवायची का?

---

खुराडं

धुवू नका, अजिबात. टरफलावर नैसर्गिक थर असतो, तो धुतल्याने जातो आणि ओल्या टरफलातून घाण आत ओढली जाते. लागलेली माती कोरड्या फडक्याने पुसा. धुवायचीच असतील तर पातेल्यात टाकायच्या आधी धुवा.

आत्ताच्या हवेत सावलीत, वारा लागेल अशा जागी ४-५ दिवस बिनधास्त ठेवा. एप्रिल-मे मध्ये मात्र मी घरात इतकं ठेवायला सांगणार नाही. उन्हाळ्यात बाहेर अंडं फार लवकर उतरतं, पांढरं पाण्यासारखं होतं. तेव्हा दोन दिवस पुरतात, नाहीतर फ्रिज. ट्रेमध्ये निमुळतं टोक खाली ठेवा. बलक मधोमध राहतो, नाहीतर अख्खं अंडं कापल्यावर बलक एका बाजूला आणि पांढरं कागदासारखं.

आणखी एक. काही ठिकाणी अंडी टिकावीत म्हणून वरून खाण्याचं खनिज तेल फवारतात. त्याने छिद्रं बंद होतात. अशी अंडी आठवडाभराची असली तरी ताज्यासारखीच चिकटतात. हाताला टरफल तुळतुळीत लागलं तर विचारून घ्या.

---

प्रयोगवही

तेलाचा मुद्दा फार महत्त्वाचा. वय महत्त्वाचं आहे ते वायू बाहेर जातो म्हणून. दार बंद केलं तर दिवस मोजून उपयोग नाही.

थंडीत वायू हळू निघतो पण थांबत नाही. म्हणून फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवलेली अंडीही नीट सोलतात, नुसता थोडा धीर धरावा लागतो. तुम्ही बुधवारची अंडी शुक्रवारी किंवा शनिवारी आणा, दोन ट्रे नेहमी एक पाऊल पुढे ठेवा. भावही तोच राहील.

जुन्या अंड्याची पाण्यातली परीक्षा सगळ्यांना माहीत असेल. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं, आठवड्याचं जाड टोक वर करून कलतं, त्याहून जुनं उभं राहतं. आडव्यापेक्षा किंचित कललेलं अंडं उकडायला उत्तम. तरंगलं तर टाकून द्या, सोलायला कितीही सोपं असलं तरी.

---

अंडापाव

मग पाण्यातच खायचा सोडा टाकला तर? पीएच लगेच वाढेल, थांबायची गरज नाही. आणि माझ्या मीठ-व्हिनेगरचं काय?

---

प्रयोगवही

विचार चांगला आहे. पण सोडा टरफलाबाहेरच्या पाण्यात असतो आणि आपल्याला आतलं पांढरं बदलायचंय. १२ मिनिटांत आत जाऊन फरक पडेल इतकं काही घडत नाही, वासात आणि चवीत मात्र फरक जाणवतो. मीठ आणि व्हिनेगरचा उपयोग वेगळ्या ठिकाणी आहे. उकळताना एखादं अंडं तडकलं तर बाहेर येणारं पांढरं लगेच गोठून भेग बुजते. तुमच्या गाडीवर अंडी एकमेकांवर आपटत उकळतात, तिथे तो फायदा खरा. सोलण्यासाठी मात्र ते कामाचं नाही.

सुरुवात मात्र फार कामाची आहे. डबेवालीताई गार पाण्यात अंडी टाकून गॅस लावतात. पाणी हळूहळू तापतं, पांढऱ्याचा बाहेरचा थर सावकाश गोठतो आणि गोठता गोठता पापुद्र्याला बिलगतो. त्याऐवजी अंडी उकळत्या पाण्यात सोडली, किंवा इडलीपात्रात वाफेवर ठेवली, तर बाहेरचा थर झटकन आवळला जातो आणि पापुद्र्यापासून सुटतो. अगदी ताजी अंडीही यामुळे पुष्कळ सुधारतात. माझ्या मते वयाइतकाच हा मुद्दा मोठा आहे.

---

लडाखी_मुक्काम

वाचून प्रश्न पडला म्हणून लिहितो. मी मूळचा साताऱ्याचा, सध्या कामानिमित्त लेहला आहे. इथे अंडी खालून ट्रकने येतात, म्हणजे ताजी असण्याची शक्यताच नाही. तरीही मेसमध्ये सोलताना फाटतात. मग वयाचं काय झालं? खोलीवर पाणी उकळतं, वाफ येते, पण १० मिनिटांनी पाहिलं तर पांढरं लिबलिबीत.

---

प्रयोगवही

लेह साधारण ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं. उकळी दिसते पण तापमान त्यापुढे चढतच नाही. पांढऱ्यातली मुख्य प्रथिनं ८० च्या वर जाऊन नीट घट्ट होतात, म्हणजे तिथे तुमच्या हाताशी फरक फारच कमी उरतो. त्यामुळे वेळ बराच जास्त लागतो. तुमची अंडी चिकटत नसून कच्ची राहत असतील. लिबलिबीत पांढऱ्यात ताकद नसते, टरफल काढायला बोट लावलं की तुटतं. ओळखायचं असं: टरफलाच्या आत पांढऱ्याचा थर जागोजागी घट्ट चिकटलेला दिसला तर ती पकड. पांढरं सगळीकडे मऊ आणि तुटक असेल तर शिजवण्यात कमतरता. कुकर वापरता येईल का? दाबामुळे आत तापमान वर जातं.

---

लडाखी_मुक्काम

मऊ आणि तुटकच असतं. पण काही अंड्यांत टरफलाच्या आत पातळ पांढरा थरही राहतो. दोन्ही दिसतं. कुकर आहे, करून पाहतो.

---

डबेवाली

मी उकळत्या पाण्यात अंडी टाकली तर तडकतील ना? आणि ६० अंडी एकदम?

---

प्रयोगवही

एकदम नको. पातेल्यात ६ लिटर उकळतं पाणी आहे असं धरा. एक अंडं साधारण ५५ ग्रॅमचं, म्हणजे ६० अंडी झाली ३.३ किलो. ती खोलीच्या तापमानाची टाकली की अंड्यांनी उष्णता ओढल्यावर पाणी ७८ अंशांच्या आसपास येतं. मग उकळी परत यायला वेळ लागणार, म्हणजे पुन्हा सावकाश तापवणं. ३० अंडी टाकलीत तर पाणी ८७ च्या आसपास राहतं आणि मोठ्या शेगडीवर लवकर उकळतं. म्हणून ट्रे-ट्रेने दोन घाणे करा.

फ्रिजमधली अंडी अर्धा तास आधी बाहेर काढा. पोहे-पुरी तळायच्या झाऱ्यावर तीन-चार घेऊन पाण्यात हळूच सोडा, वरून टाकू नका. सगळी सोडून झाली की १२ मिनिटं लावा, उकळी नाचती नको, सौम्य असू द्या. तडकण्याचा धोका यामुळे खूप कमी होतो, अगदी जात नाही. ६० मध्ये एखादं तडकेल हे धरून चाला.

---

खुराडं

१२ मिनिटं मध्यम अंड्याला. ट्रेमध्ये मोठी-लहान मिसळलेली असतील तर मोठी आधी सोडा.

---

माझी_परात

गार पाण्यात किती वेळ? मी एक तांब्या ओतते आणि लगेच सोलायला घेते.

---

प्रयोगवही

तांब्याने भागत नाही. टरफलावरचा ताप गेला तरी आत बलक गरमच असतो आणि शिजत राहतो.

गार पाण्याची दोन कामं आहेत. शिजणं थांबवणं हे एक. दुसरं म्हणजे पांढरं गार होताना किंचित आकसतं आणि पापुद्र्यापासून थोडी जागा सोडतं. त्यात टरफल हलकेच तडकवलेलं असेल तर पाणी त्या जागेत शिरतं आणि पापुद्रा वर उचलला जातो. म्हणूनच पाण्याखाली सोललेलं अंडं लवकर मोकळं होतं.

आता पुन्हा हिशोब. उकडलेली ६० अंडी ६ लिटर नळाच्या, ३० अंशांच्या पाण्यात टाकलीत तर थोड्या वेळाने पाणी ४५ च्या पुढे जातं. हात घालून बघा, कोमट लागेल. ते पाणी ओतून दुसरं घातलंत तर ३५ वर येईल. म्हणून पाणी दोनदा बदला, प्रत्येक वेळी पाच-सात मिनिटं. नाशिकला मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी स्वतःच गरम असतं, त्याला गार म्हणता येणार नाही. तेव्हा माठातलं पाणी किंवा बर्फ घाला.

पण एक स्पष्ट सांगते. गार पाणी अगदी ताज्या अंड्याची पकड सोडवू शकत नाही. ती शिजतानाच बसलेली असते.

---

खुराडं

बर्फाचं मला पटत नाही. आमच्याकडे लग्नाच्या स्वयंपाकात मोठ्या टोपात अंडी उकडतात, पाणी काढतात, टोप गोल फिरवून सगळी टरफलं तडकवतात, मग नळाचं पाणी सोडतात आणि पाणी चालू असतानाच सोलतात. अंडी हाताला बऱ्यापैकी गरम असतात. तरी सुरेख निघतात. अंडी अर्थात चार दिवसांची असतात.

---

प्रयोगवही

दादा, तुमच्या पद्धतीत तडकवल्यावर पाणी आत जातंय, ते मोठं काम आहे. आणि अंडी वयाची आहेत. पूर्ण गार करण्याने सोलणं किती सोपं होतं यावर माझंही ठाम मत नाही. बलक थांबवायला आणि हात न भाजायला गार करावं, हे मात्र मी सोडणार नाही.

---

अंडापाव

मी तर गरमच सोलतो, गिऱ्हाईक उभं असतं. जाड टोक ओट्यावर आपटायचं, तिथून सुरू करायचं, पापुद्रा बोटाला लागला की तो धरूनच टरफल काढायचं. नुसतं टरफल काढत बसलं की पापुद्रा मागे राहतो आणि मग पांढरं फाटतं.

---

डबेवाली

अंडापाव दादा, पापुद्रा धरून काढायचं हे मी आज पहिल्यांदाच ऐकलं, फार उपयोगी पडलं.

या बुधवारी केलं ते सांगते. एक ट्रे शुक्रवारी आणलेला, एक ट्रे मंगळवारी संध्याकाळचा, मुद्दाम वेगळे उकडले. दोन्ही उकळत्या पाण्यात सोडले, १२ मिनिटं, गार पाणी दोनदा बदललं. शुक्रवारच्या ट्रेची टरफलं मोठ्या तुकड्यांत निघाली, पांढरं गुळगुळीत. मंगळवारचा ट्रे पूर्वीइतका वाईट नाही, पण सात-आठ अंड्यांना खड्डे पडले. बहुतेक निमुळत्या टोकाकडे. करीत वाढायला चालली, कारण खड्डे लहान होते.

एक राहिलं. शुक्रवारच्या ट्रेमधली दोन अंडी मात्र अगदी चिकटली, बाकीची २८ सरळ निघाली. एकाच शेडची, एकाच दिवशी आणलेली. असं का व्हावं?

---

खुराडं

आणली त्या दिवशी, पण घातली त्याच दिवशी असं नाही. ट्रे भरताना राहिलेल्या जागी दुसऱ्या दिवशीची अंडी घालतात. तुमची दोन अंडी नंतरची असू शकतात. पण ती अंडी चार दिवस तर तुमच्याकडेच होती, तेव्हा हे कारण पुरेसं वाटत नाही मला.

---

प्रयोगवही

मलाही नाही वाटत. टरफलाची छिद्रं प्रत्येक अंड्याची वेगळी असतात, कुठे जास्त, कुठे कमी, कुठे बुजलेली. दोन अंड्यांतून वायू हळू गेला असेल. पुढच्या वेळी चिकटलेल्या अंड्यांची टरफलं जपून ठेवा, उजेडात धरून बघू कसं दिसतं.

---

लडाखी_मुक्काम

कुकरमध्ये केली. कुकरचं पाणी उकळल्यावर अंडी आत, एक शिट्टी, पाच मिनिटं तसंच ठेवलं, मग नळाच्या पाण्याखाली. इथलं नळाचं पाणी म्हणजे बर्फच. पांढरं घट्ट झालं आणि टरफल लगेच सुटलं. आत पातळ थर राहिला नाही. एक अंडं कुकरच्या भांड्याला आपटून फुटलं, तळाशी फडकं घातलं असतं तर वाचलं असतं का?

---

अंडापाव

फडकं नको, चाळणी ठेवा आणि वाफेवर करा. फडकं हलतं आणि शिट्टीत अडकू शकतं.